व्हर्नियरच्या फोटोवरून तारेचा व्यास: शून्य त्रुटी ऋण निघाली तर काय करायचं?

तारेचा व्यास फोटोवरून काढायचा असेल तर फोटो दोन लागतात. एक तार जबड्यांत धरलेला आणि दुसरा जबडे रिकामे, पूर्ण मिटलेले असतानाचा. बहुतेक जण पहिलाच फोटो काढतात, व्हर्नियर पेटीत ठेवून देतात आणि संध्याकाळी वही लिहायला बसल्यावर त्यांना शून्य त्रुटीची आठवण होते. तोपर्यंत त्या पेटीतले सहा व्हर्नियर एकमेकांत मिसळलेले असतात. आपला कोणता होता हे मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी मिटलेल्या जबड्यांचा फोटो आणि मगच तार, हा क्रम सोडू नका.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. व्हर्नियर ५० भागांचा आहे, तार साधारण दीड मिलिमीटरची, उघड्या तांब्याची. शून्य त्रुटी मुद्दाम ऋण घेतली आहे, कारण धन त्रुटीत फारसं कुणी चुकत नाही. ऋण त्रुटीत मात्र हुशार मुलंही चुकतात, आणि तीही दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

आधी पट्टी ओळखा

फोटो मोठा करा आणि सरकत्या पट्टीवरच्या रेघा मोजा. आपल्या व्हर्नियरवर ० ते १० असे आकडे आहेत आणि दोन आकड्यांच्या मध्ये पाच भाग आहेत, म्हणजे एकूण ५० भाग. हे ५० भाग मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात. त्यामुळे व्हर्नियरचा एक भाग ०.९८ मिमीचा होतो, आणि मुख्य पट्टीच्या एका भागापेक्षा तो ०.०२ मिमीने तोकडा पडतो. हा तोकडेपणा म्हणजेच लीस्ट काउंट.

इथे पहिला खड्डा आहे. व्हर्नियरवर छापलेला ६ म्हणजे सहावी रेघ नव्हे, ती तिसावी रेघ आहे. तो आकडा ०.६० मिमी सांगतो. रेघेचा क्रमांक हवा असेल तर छापील आकड्याला पाचाने गुणा आणि पुढच्या बारीक रेघा त्यात मिळवा. शाळेतल्या १० भागांच्या व्हर्नियरवर आकडा आणि रेघ एकच असतात, आणि तीच सवय इथे नडते.

बऱ्याच व्हर्नियरवर एका कडेला मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला इंच असतात. फोटो उलटा धरून काढला असेल तर इंचाची कड खाली येते आणि बघता बघता आपण तीच वाचायला लागतो. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत कधी कधी आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसतात. अशा फोटोत डावं-उजवं बदलतं आणि शून्य त्रुटीचं चिन्हही बदलून बसतं. तो फोटो टाकून द्या.

फोटो कुठून काढायचा

प्रत्यक्ष डोळ्याने वाचताना आपण नकळत डोकं हलवून बघतो. फोटोत ती सोय नाही. कॅमेरा जिथे होता तिथूनच ते दृश्य कायमचं गोठतं. सरकत्या पट्टीची कड मुख्य पट्टीच्या किंचित वर असते, दोन्हींच्या मध्ये बारीकशी पायरी असते. समजा ती पायरी ०.३ मिमीची आहे. कॅमेरा पट्टीच्या लांबीच्या दिशेने फक्त ५ अंश तिरका असला तरी वरची रेघ खालच्या रेघेवरून ०.०२६ मिमी सरकल्यासारखी दिसते. म्हणजे एका भागापेक्षा जास्त! याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

बारीक दिसावं म्हणून सगळे फोन पट्टीच्या अगदी जवळ नेतात, आणि गोष्ट तिथेच बिघडते. फोन १५ सेंटिमीटरवर असेल आणि जुळणारी रेघ फोटोच्या मध्यापासून २ सेंटिमीटर बाजूला असेल, तर तिच्याकडे जाणारी नजर साडेसात अंशांनी तिरकी होते. फोन अगदी सपाट धरला तरीसुद्धा. त्याच ०.३ मिमीच्या पायरीवर ही चूक ०.०४ मिमीची, म्हणजे सरळ दोन रेघांची. याउलट फोन तीस-चाळीस सेंटिमीटरवर नेऊन झूम केला तर हा कोन निम्मा किंवा त्याहून कमी होतो.

मी करतो ते असं. व्हर्नियर टेबलावर सपाट ठेवतो, लांबून झूम करून एक फोटो काढतो आणि अंदाजे कुठली रेघ जुळते ते पाहतो. मग फोन सरकवून ती रेघ बरोबर चौकटीच्या मध्यावर आणतो आणि दुसरा फोटो काढतो. वाचन दुसऱ्या फोटोवरून. शून्याच्या फोटोसाठीही हेच, कारण तिथे जुळणारी रेघ पट्टीच्या अगदी वेगळ्या टोकाला असू शकते.

फोटो पुरेसा बारकाईचा आहे की नाही हे तपासायला मुख्य पट्टीवरच्या १० मिमीमध्ये किती पिक्सेल येतात ते पाहा. १००० आले तर एका मिलिमीटरला १००, आणि ०.०२ मिमीला दोन पिक्सेल. एवढं मिळालं तर काम होतं. मेसेजमधून पाठवताना फोटो आकसतो आणि २०० पिक्सेल उरतात, तेव्हा शेजारच्या तीन-चार रेघा सगळ्याच जुळल्यासारख्या दिसतात. म्हणून मूळ फाइल घ्या.

तारेचा फोटो वाचू या

तार जबड्यांत आहे. पहिला प्रश्न: व्हर्नियरचा शून्य कुठे आहे? शून्याची रेघ शोधा, सरकत्या पट्टीची कड नव्हे. कड शून्याच्या डावीकडे काही मिलिमीटर असते, आणि फोटोत ती ठळक दिसते म्हणून नजर आधी तिच्यावर जाते. आपल्या फोटोत शून्याची रेघ मुख्य पट्टीच्या १ आणि २ मिमीच्या मध्ये, निम्म्याच्या जरा पुढे आहे. शून्याच्या लगेच डावीकडची मुख्य रेघ १ मिमीची. हे मुख्य पट्टीचं वाचन.

आता जुळणारी रेघ. एकेका जोडीकडे डोळे ताणून बघत बसू नका. दोन्ही बाजूंची ठेवण बघा. जुळणाऱ्या रेघेच्या डावीकडच्या व्हर्नियर रेघा आपापल्या मुख्य रेघेच्या किंचित उजवीकडे असतात, आणि उजवीकडच्या किंचित डावीकडे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेघा जुळणाऱ्या रेघेकडे झुकलेल्या दिसतात. डावीकडची पाचवी आणि उजवीकडची पाचवी रेघ आपापल्या मुख्य रेघेपासून ०.१० मिमी सरकलेली असते, आणि एवढं अंतर फोटोत सहज दिसतं. ही दोन अंतरं सारखी दिसली तर मधली रेघ बरोबर. डावीकडचं अंतर मोठं वाटलं तर तुमची निवड जास्त डावीकडे गेली आहे, एक रेघ उजवीकडे या.

आपल्या फोटोत छापील ५ च्या पुढची चौथी बारीक रेघ जुळते. ५ म्हणजे पंचविसावी रेघ, पुढच्या चार मिळून एकोणतिसावी. २९ × ०.०२ = ०.५८ मिमी. वाचन १ + ०.५८ = १.५८ मिमी.

याचा पडताळा फोटोतच मिळतो आणि तो फार कमी जण घेतात. व्हर्नियरची २९वी रेघ मुख्य पट्टीच्या कोणत्या रेघेशी जुळली? ती १ + २९, म्हणजे ३० मिमीची रेघच असली पाहिजे. कारण सरळ आहे: शून्य १.५८ वर आणि तिथून २९ भाग प्रत्येकी ०.९८ मिमीचे, म्हणजे २८.४२. बेरीज बरोबर ३०.००. मुख्य पट्टीवर ३१ किंवा २९ दिसत असेल तर रेघा मोजण्यात किंवा मुख्य वाचनात कुठेतरी एकाचा घोळ आहे. १० भाग ९ मिमीमध्ये असलेल्या व्हर्नियरलाही हाच नियम चालतो. २० भाग ३९ मिमीमध्ये असतील तर रेघेचा क्रमांक दुप्पट करून मिळवायचा.

शून्याची रेघ मुख्य पट्टीच्या एखाद्या रेघेवरच बसल्यासारखी दिसते तेव्हा हा पडताळा विशेष कामाला येतो. समजा ती २ मिमीवर दिसते आणि जुळणारी रेघ ४९वी आहे. मग वाचन २.९८ नाही, १.९८ आहे. व्हर्नियर रेघेचा क्रमांक मोठा आहे याचा अर्थ शून्य अजून २ पर्यंत पोचलेलाच नाही, केसभर मागे आहे.

आता मिटलेले जबडे

हा फोटो काढण्याआधी जबडे पुसा. एक स्वच्छ कागद जबड्यांत हलका दाबून ओढून काढला तरी पुरतं. जबड्यांत कण अडकला असेल तर धन त्रुटी दिसते, आणि तार धरताना तो कण बाजूला झाला की ती त्रुटी नाहीशी होते. अशी दुरुस्ती मापन बिघडवते. त्यासाठी मिटलेल्या जबड्यांचे तीन फोटो घ्या, प्रत्येक वेळी जबडे उघडून पुन्हा मिटून. तिन्ही जुळले तरच त्रुटी खरी समजा.

आपल्या फोटोत व्हर्नियरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या जरासा डावीकडे आहे. जुळते ती रेघ छापील ९ च्या पुढची तिसरी, म्हणजे ४५ + ३ = ४८वी.

इथे दोन चुका होतात. पहिली: ४८ × ०.०२ = ०.९६ म्हणून ‘शून्य त्रुटी ०.९६ मिमी’ असं लिहून मोकळं व्हायचं. ती वजा केली तर तार ०.६२ मिमीची होते, आणि दीड मिलिमीटरची तार समोर दिसत असताना हे उत्तर निदान लगेच पकडलं जातं. दुसरी चूक जास्त घातक. पाठ केलेल्या नियमाने ५० − ४८ = २, २ × ०.०२ = ०.०४ एवढं बरोबर येतं, पण ऋण चिन्ह वाटेत सांडतं. मग १.५८ − ०.०४ = १.५४. हे उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं, म्हणून ते कुणी पकडत नाही.

मला पाठ करायचा नियमच आवडत नाही. शून्याचा फोटो तारेच्या फोटोसारखाच वाचा, वेगळं काही नाही. व्हर्नियरच्या शून्याच्या लगेच डावीकडची मुख्य रेघ कोणती? पट्टीवर ती कोरलेली नाही, पण असती तर ती −१ मिमीची असती. म्हणून वाचन:

```
−१ + (४८ × ०.०२) = −१ + ०.९६ = −०.०४ मिमी
```

चिन्ह आपोआप आलं. पडताळाही तोच: −१ + ४८ = ४७, म्हणजे ४८वी रेघ मुख्य पट्टीच्या ४७ मिमीशी जुळलेली दिसायला हवी. फोटोत बघा, ती तिथेच आहे. धन त्रुटी असती, समजा तिसरी रेघ ३ मिमीशी जुळली असती, तर ० + ०.०६ = +०.०६. म्हणजे धन-ऋणासाठी वेगळे दोन नियम लागतच नाहीत. शून्य उजवीकडे असेल तर मुख्य वाचन ०, डावीकडे असेल तर −१. बस्स.

दुरुस्ती

शून्य दाखवायला हवं तिथे हे उपकरण −०.०४ दाखवतं. म्हणजे ते प्रत्येक मापन ०.०४ने कमी सांगतं. मग खरं माप जास्तच असणार. आकडेमोड करण्याआधी एवढं मनाशी म्हणून ठेवलं की चिन्ह चुकत नाही.

```
खरा व्यास = वाचन − शून्य त्रुटी
          = १.५८ − (−०.०४)
          = १.६२ मिमी
```

०.०४ आणि ०.०८ मिमीसाठी एवढा आटापिटा कशाला, असं एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं. तो त्या तारेचा विशिष्ट रोध काढत होता. तिथे काटछेदाचं क्षेत्रफळ लागतं आणि त्यात व्यासाचा वर्ग येतो. १.६२ मिमीला क्षेत्रफळ २.०६ चौरस मिमी, १.५४ मिमीला १.८६. जवळजवळ दहा टक्के कमी. दुरुस्ती अजिबात केली नाही, १.५८च धरलं, तरी पाच टक्के कमी. चुकीच्या चिन्हाची दुरुस्ती ही दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट असते ती अशी.

तार धरण्याची तऱ्हा

आतापर्यंत आपण फोटो बरोबर आहे असं गृहीत धरलं. पण फोटोतली तार चुकीची धरलेली असेल तर रेघा कितीही नीट वाचून उपयोग नाही.

जबड्यांची टोकं पातळ असतात, आत मुळाशी ते रुंद असतात. तार शक्य तितकी मुळाकडे, पण रुंद सपाट भागात धरा. टोकाशी धरून दाबलं की सरकता जबडा किंचित कलतो आणि माप कमी येतं. तांबं मऊ असतं, त्यामुळे जोर लावला तर तार चपटीही होते. तार आपल्या वजनाने न पडता, पण बोटाने ओढल्यावर सहज निघेल, एवढाच दाब हवा. स्क्रू आवळून फोटो काढत असाल तर आवळण्याआधी आणि नंतर असे दोन्ही फोटो घेऊन पाहा. काही व्हर्नियरमध्ये स्क्रू आवळताना पट्टी एखादा भाग सरकते.

तार सरळ हवी. रिळावरून काढलेल्या तारेला बाक असतो. बाकाची त्रिज्या ५० मिमी आणि जबड्याची जाडी ३ मिमी असेल तर बाकामुळे माप सुमारे ०.०२ मिमीने, म्हणजे एका भागाने वाढतं. दोन पकडींनी ओढून तार सरळ करणं त्यापेक्षा सोपं आहे, फक्त इतकी ताणू नका की ती बारीक होईल.

एका जागी एक वाचन घेऊन त्याच ठिकाणी तार पाव वळसा फिरवून दुसरं घ्या. ओढून काढलेली तार नेहमी गोल असतेच असं नाही. आपल्या तारेची पाच वाचनं अशी आली: १.५८, १.६०, १.५८, १.५६, १.५८. सरासरी १.५८. शून्य त्रुटी प्रत्येक वाचनात वेगळी वजा करायची गरज नाही. सरासरीतून एकदा केली तरी तेच उत्तर येतं आणि चिन्ह चुकण्याची संधी पाचाऐवजी एकदाच मिळते.

वहीत लिहायचं: मापलेली सरासरी १.५८ मिमी, शून्य त्रुटी −०.०४ मिमी, दुरुस्त व्यास १.६२ ± ०.०२ मिमी. तिन्ही आकडे लिहा, फक्त शेवटचा नको. कुणाला नंतर चिन्हाची शंका आली तर ती तिथल्या तिथे तपासता येते. १.६२० असं मात्र लिहू नका. सरासरी काढताना कॅल्क्युलेटर तिसरा दशांश देईल, पण ०.०२च्या पट्टीने तो कधी मोजलेला नाही. शून्याच्या तीन फोटोंतही एका भागाचा फरक पडत असेल तर ± ०.०३ लिहिणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

दुरुस्ती कुठे चालत नाही

शून्य दुरुस्तीने एकच गोष्ट सुटते: पट्टीचा शून्य जागेवरून सरकलेला असणं. जबडे झिजले असतील तर ती हात टेकते. मिटलेले जबडे उजेडासमोर धरून पाहा. मध्ये कुठे प्रकाशाची फट दिसली तर तिथे जबडा खोलगट झाला आहे. मिटल्यावर बाकीचा भाग टेकतो, शून्य अगदी बरोबर दिसतो, आणि तार नेमकी त्या खळग्यात बसते. माप कमी येतं आणि शून्याच्या फोटोत त्याचा मागमूसही नसतो. अशा व्हर्नियरवर फट नसलेल्या जागीच तार धरायची, नाहीतर दुसरा व्हर्नियर घ्यायचा.

मोटारीतल्या वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो धरून मोजलं तर तांब्याचा व्यास मिळत नाही. रोध काढायचा असेल तर टोकाचा थर खरवडून किंवा जाळून, पुसून मग मोजा.

आणि तार फारच बारीक असेल तर व्हर्नियर मुळात चुकीचं साधन आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेत ०.०२ म्हणजे चार टक्के, क्षेत्रफळात आठ. तिथे ०.०१ मिमीचा स्क्रू गेज घ्यावा. तो नसेल तर तार पेन्सिलीवर खेटून २० वेढे गुंडाळा आणि त्या वेढ्यांची लांबी मोजा. आपल्याच व्हर्नियरवर ती ९.१६ मिमी आली असं धरा. आधी दुरुस्ती: ९.१६ − (−०.०४) = ९.२० मिमी. मग भागाकार: ९.२० ÷ २० = ०.४६ मिमी. क्रम उलटा करून आधी भागलं आणि मग ०.०४ मिळवलं तर ०.४९८ येतं, ते चूक. शून्य त्रुटी एका मापनात एकदाच शिरते, वीस वेढ्यांत वीसदा नाही. या पद्धतीत धोका उरतो तो वेढ्यांमधल्या फटींचा, आणि फटी माप नेहमी वाढवतातच. म्हणून वेढे नखाने एका बाजूला सारून घ्या, पुन्हा मोजा, आणि दोन मापांतलं लहान माप धरा.